आत्याबाईंच्या आधी दोन मिनिटं

बारसं हा मुळात बायकांचा समारंभ. पाळणा बायकांनी सजवायचा, ओटी बायकांनी भरायची, नाव आत्याने ठेवायचं आणि पाळणे म्हणायचे तेही बायकांनीच. सकाळी गुरुजी येत, बाळाचा बाप तबकात पसरलेल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने बाळाचं नाव लिही, होम-पुण्याहवाचन उरके आणि पुरुषांचं काम तिथे संपे. दुपारनंतर माजघरात पाळणा हलायचा तेव्हा आजोबा बाहेर ओटीवर पान जुळवत बसलेले असत. आतून हसण्याचा गलका आला की ठेवलं नाव, एवढं त्यांना कळायचं. घुगऱ्यांची वाटी बाहेर आली की नाव काय ठेवलं तेही कळायचं.

म्हणजे आजोबांना बारशात स्थान नव्हतं असं नाही. ते बऱ्याचदा नावातच असत. पतंजलीच्या महाभाष्यात मुलाचं नाव दहाव्या दिवसानंतर ठेवावं आणि ते बापाच्या वरच्या तीन पुरुषांची आठवण ठेवणारं असावं, असा याज्ञिकांचा संकेत सांगितला आहे. महाराष्ट्रात हा संकेत शतकानुशतकं चालला. शिवाजी महाराज १६८० मध्ये गेले. त्यानंतर दोन वर्षांनी संभाजीराजांना मुलगा झाला, त्याचं नाव शिवाजी. हेच पुढचे शाहू महाराज. राजाराम महाराज आणि ताराबाईंच्या मुलाचंही नाव शिवाजीच. पेशव्यांकडे बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये वारले आणि त्यानंतर जन्मलेल्या नातवाचं, म्हणजे नानासाहेबांचं, नाव बाळाजी ठेवलं गेलं. यातली गंमत अशी की तिन्ही घरांत ज्या आजोबांचं नाव पाळण्यात आलं, ते आजोबा बारशाला हजर नव्हते.

असं नाव ठेवलं की घरातल्या सुनेची पंचाईत होई. सासऱ्याचं नाव तिने घ्यायचं नाही, आणि पोराला तर दिवसातून पन्नासदा हाक मारायची. मग त्या पोराला बाळ, नाना, आप्पा, भाऊ असं काहीतरी म्हटलं जाई आणि तेच आयुष्यभर चिकटे. जुन्या पिढीतल्या कित्येक नाना-आप्पांचं खरं नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं ते शाळेतल्या मास्तरांनी, हजेरी घेताना.

आता नावं नवी आली. विश्वनाथचा नातू विश्वनाथ होत नाही. आजोबा नावातून बाहेर पडले आणि त्याच सुमारास बारसं माजघरातून हॉलमध्ये गेलं. हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, पुरुष पहिल्या रांगेत बसलेले, कोपऱ्यात ध्वनिक्षेपकवाला आणि हातात माइक. माइक आला की कुणीतरी बोलावं लागतं. कोण बोलणार? ‘आजोबा, दोन शब्द बोला.’

या दोन शब्दांची परंपरा नाही. लग्नातल्या मंगलाष्टकांसारखा किंवा मुंजीतल्या भिक्षावळीसारखा ठरलेला साचा नाही. त्यामुळे आजोबा हाताशी असलेला साचा वापरतात, आणि तो असतो सभेचा. ‘व्यासपीठावरील मान्यवर’ अशी सुरुवात होते. व्यासपीठावर असतो पाळणा आणि त्यात दीड महिन्याचं मान्यवर.

नेमके कोणते आजोबा, हा प्रश्न आधी सोडवलेला बरा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि बारसंही बहुतेक घरांत माहेरीच. म्हणजे यजमान आईचे वडील आणि पाहुणे बाळाच्या वडिलांकडचे. स्वागत यजमानाने करायचं असतं, म्हणून सुरुवातीचा माइक आईच्या वडिलांचा. नाव ठेवणारी आत्या मात्र पाहुण्यांकडची. या वाटणीत जुन्या लोकांनी दोन्ही घरांचा मान राखला आहे आणि आजोबांच्या बोलण्याला एक स्पष्ट काम नेमून दिलं आहे: पाहुण्यांचं स्वागत करायचं, बाळाला आशीर्वाद द्यायचा आणि पाळणा आत्याच्या हाती सोपवायचा. दुसऱ्या आजोबांना बोलायचं असेल तर ते नाव ठेवून झाल्यावर, पेढे वाटायच्या आधी. दोघे लागोपाठ बोलले की दुसऱ्याचं कुणी ऐकत नाही, आणि तो दुसरा नेमका व्याही असतो.

वेळ किती घ्यायचा हे आजोबांनी ठरवायचं नसतं. ते बाळाने ठरवलेलं असतं. पूर्वी बारसं बाराव्या दिवशी होई. आता अनेक घरांत सव्वा महिना झाल्यावर, बाळंतिणीचं न्हाणं उरकलं की सोयीचा रविवार धरतात. या वयाचं बाळ एका वेळी तासभर जागं राहिलं तर पुष्कळ. त्या तासात त्याला दूध पाजायचं, नवं झबलं आणि कुंची घालायची, हातात मनगट्या नि पायात वाळे चढवायचे, तीट लावायची. इतकं होईपर्यंत अर्धा तास गेलेला असतो. मग आईची ओटी. मग वरवंट्याला कुंची घालून तो बाळाच्या आधी पाळण्याखालून-वरून फिरवायचा. दगडासारखं टणक आयुष्य मिळावं, अशी त्यामागची समजूत सांगतात. मग खुद्द बाळ दोन बायकांच्या हातांतून, देवाची नावं घेत, पाळण्याखालून आणि वरून जातं. मग आत्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते आणि तिच्या पाठीत धपाटे बसतात. हे सगळं बाळ रडायच्या आत व्हायला हवं. यात आजोबांना जागा सापडते ती ओटी भरून झाल्यावर आणि वरवंटा हातात घ्यायच्या आधी. दीड मिनिट, फार तर दोन.

माणूस माइकवर सावकाश बोलतो तेव्हा मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात. म्हणजे आजोबांचं सगळं भाषण दीडशे शब्दांत बसलं पाहिजे. वहीच्या एका पानाची एक बाजू.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, कराडचे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. मुलीला मुलगी झाली आहे, व्याही नाशिकचे, हॉलमध्ये सव्वाशे माणसं. पोस्टमास्तरांनी आदल्या रात्री भाषण लिहून काढलं, ते चार पानं भरलं. पहिलं पान नावांचं: नाशिकचे व्याही, त्यांचे थोरले बंधू, आत्याचे यजमान, गावचे सरपंच, डॉक्टरीणबाई, असे सोळा जण. दुसऱ्या पानावर स्वतःच्या नोकरीतल्या बदल्या, कारण मुलगी त्यातल्या एका गावी जन्मली होती. तिसऱ्यावर हल्लीच्या पिढीला मुलं वाढवायला वेळ नसतो, हा विषय. आशीर्वाद चौथ्या पानाच्या तळाला, तीन ओळी.

आजीने ते वाचून पहिला प्रश्न विचारला, ‘यात नाशिकच्या मामेसासऱ्यांचं नाव कुठाय?’ नव्हतंच. नावांच्या यादीचं हे असं असतं. सोळा जणांना आपलं नाव घेतल्याचं लक्षात राहत नाही. ज्या एकाचं राहिलं, तो मात्र पुढच्या प्रत्येक कार्यात ते काढतो. सतरावं नाव घालून हे सुटत नाही, अठरावा माणूस बसलेलाच असतो. व्याही आणि विहीणबाई या दोघांना नात्याने हाक मारायची, बाकी सगळ्यांना एकत्र. बदल्यांचं पान गेलं. पिढीचं पान तर जायलाच हवं होतं, कारण ज्या पिढीविषयी ते होतं ती पिढी समोर ओटीचे तांदूळ पदरात घेऊन बसलेली असणार. उरल्या त्या आशीर्वादाच्या तीन ओळी, आणि खरं भाषण तिथून सुरू झालं. ते असं:

‘बसा, बसा मंडळी. पाळणा हलायला दोन मिनिटं आहेत. तेवढीच मला मिळालीत आणि तेवढीच मी घेणार. व्याहीबुवा, विहीणबाई, नाशिकहून इतक्या लांब आलात, आमचं घर भरलं. आप्तेष्ट, शेजारी, सगळ्यांचं मनापासून स्वागत.

‘सव्वा महिन्यापूर्वी पहाटे साडेतीनला दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी घरभर चपला शोधत होतो. त्या पायातच होत्या. असा आनंद मला पोस्टात कधी झाला नाही.

‘चिमणे, आता तुझ्याशी बोलतो. तुझं नाव मला माहीत आहे, पण ते सांगायचा मान तुझ्या आत्याचा. मी सांगितलं तर धपाटे मला बसतील. तुला उदंड आयुष्य मिळो. अंगात बळ येवो, डोक्यात चार गोष्टी येवोत, जिभेवर साखर असो आणि लागेल तेव्हा तिखटही असो. खूप शीक, खूप फीर, आणि कुठेही गेलीस तरी दोन्ही घरं तुझीच आहेत हे ध्यानात ठेव. माझ्या खांद्यावर बसायचं असेल तर जरा लवकर मोठी हो, गुडघे फार दिवस थांबणार नाहीत.

‘आत्याबाई, या. पाळणा आता तुमचा.’

हे सव्वाशे-दीडशे शब्दांचं बोलणं. त्यात विनोद दोन आणि दोन्ही आजोबांच्या स्वतःवर. तिसरा, जावयावरचा, पोस्टमास्तरांच्या मनात होता. आजीने तो काढायला लावला. बारशात जावई घामाघूम असतोच, त्याच्यावर हसणाऱ्यांत त्याच्या आईची भर पडत नाही.

मधल्या परिच्छेदात आजोबा श्रोत्यांकडची पाठ न दाखवता पाळण्याकडे वळतात. ही जागा महत्त्वाची. तोवर लोक भाषण ऐकत असतात. ‘चिमणे’ म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा बाळाकडे जातात आणि आजोबा मधून बाजूला होतात. स्वागत मंडळींचं, आशीर्वाद बाळाचा, आणि या दोघांमध्ये एक वळण. ते नसेल तर आशीर्वाद हवेत राहतो: ‘बाळाला उत्तम आरोग्य लाभो हीच ईश्वरचरणी प्रार्थना.’ हे वाक्य वाढदिवसाच्या फलकावरही चालतं आणि निवडून आलेल्या उमेदवारालाही. ‘तुला’ म्हटल्यावर आपसूक वेगळे शब्द सुचतात.

नाव सांगायचं नाही, हे लिहून ठेवलेलं बरं. आत्याच्या आधी आजोबांच्या तोंडून नाव गेल्याचे किस्से बहुतेक घरांत आहेत. महिनाभर घरात ते नाव घुमत असतं आणि प्रेमाच्या भरात ‘आमची...’ म्हणून जीभ सरकते. मग आत्याचं ‘कुर्रर्र’ वाया जातं. म्हणून भाषणात बाळासाठी दुसरी हाक आधीच ठरवून ठेवावी. चिमणे, छकुले, बाळराजे, ठकी, जी घरात चालते ती.

आशीर्वादाच्या शब्दांत मात्र थोडं थांबून विचार करावा लागतो, कारण मराठीतले तयार आशीर्वाद मुलगा धरून किंवा लग्न धरून बनलेले आहेत. मुलगा असेल तर ‘कुळाचा दिवा’ तोंडावर येतो. मुलगी असेल तर त्या जागी काहीच नसतं आणि मग ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ म्हटलं जातं. म्हणणाऱ्याचा भाव चांगला असतो, पण कान देऊन ऐकलं तर त्यात समजूत काढल्याचा सूर आहे. मुलगा झाल्यावर अशी म्हण लागत नाही. ‘पुढच्या वेळी भाऊ येऊ दे’ हा तर आशीर्वाद म्हणून देतात, आणि तो पाळण्यातल्या मुलीला नसून कुणा तिसऱ्यालाच असतो.

बारशाचे शब्द किती दूर जातात याचा पुरावा साताऱ्यात आहे. मुलगाच हवा असताना पुन्हा मुलगी झाली की तिचं नाव नकुशी ठेवायचं, अशी चाल त्या भागात होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात एकाच कार्यक्रमात २८५ मुलींनी हे नाव टाकून नवी नावं घेतली. शाळकरी मुलींचं ते दुसरं बारसं होतं. नवं नाव काय घ्यायचं हे त्यांच्यातल्या अनेकींनी स्वतः ठरवलं.

दगडू आणि धोंडू ही नावं मात्र वेगळ्या मनाने ठेवलेली. आधीची मुलं दगावली की पुढच्याला दैवाची नजर लागू नये म्हणून मुद्दाम मातीमोलाचं नाव द्यायचं. त्या भीतीचा शेंडा अजून शिल्लक आहे. भर मांडवात बाळाच्या रूपाचं कौतुक केलेलं बऱ्याच आज्यांना खपत नाही. आजोबांनी ‘कसं गुटगुटीत आहे बघा’ म्हटलं, की संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जाणार हे नक्की. दृष्टीवर विश्वास नसला तरी रूपाचा विषय टाळण्याला दुसरं कारण आहे. रंग कुणाचा, नाक कुणाचं, हे माइकवर बोललं की एका घराला जिंकल्यासारखं आणि दुसऱ्याला हरल्यासारखं होतं. आणि ‘रंग बापाचा घेतला असता तर’ हे वाक्य तर कुणाच्याच तोंडून कधी निघू नये.

काही घरांत विधीचा साचा वेगळा असतो. बौद्ध कुटुंबांत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हटलं जातं आणि मग नाव जाहीर होतं. तिथे आजोबांना बोलायची जागा वंदना झाल्यावर सहज मिळते. बाकी नियम तेच, कारण बाळाचं जागं राहणं सगळीकडे सारखंच.

माइकविषयी थोडं. लहान बाळ अचानक मोठा आवाज झाला की दचकतं, हात फेकतं आणि रडतं. पहिले चार-सहा महिने हे सगळ्या बाळांचं होतं. कर्णा पाळण्याच्या डोक्यावर बांधलेला असेल तर आजोबांचं पहिलं ‘नमस्कार’च सगळा बेत बिघडवतं. कर्ण्यांचं तोंड खुर्च्यांकडे आणि पाळणा त्यांच्या मागे, हे ध्वनिक्षेपकवाल्याला सकाळीच सांगावं. आजोबा पाळण्याकडे वळले की माइकही कर्ण्यासमोर जाऊन शिट्टी मारतो, म्हणून एकदा उभं राहून बघावं. पन्नास-साठ माणसांच्या हॉलमध्ये माइक नसला तरी चालतं. शिकवणी घेतलेल्या किंवा एसटीत तिकिटं फाडलेल्या आजोबांना तो कधीच लागत नाही.

एवढं करूनही बाळ मध्येच रडतंच. तेव्हा ‘बघा, आत्तापासूनच विरोध’ हा विनोद सुचतो आणि लोक हसतातही, पण आई तोवर कासावीस झालेली असते. पोस्टमास्तरांनी कागदावर आशीर्वादाच्या ओळींना पेन्सिलीने चौकट केली होती. रडू आलं की मधलं सगळं सोडून तिथे उडी मारायची, दोन ओळी म्हणायच्या आणि आत्याला बोलवायचं. चपलांचा किस्सा जेवताना सांगता येतो. तिथे तो जास्त रंगतो.

गळा दाटण्याचंही असंच. बायको वारल्यावर पहिलंच कार्य असेल तर आजोबांना ‘ती असती तर’ हे वाक्य म्हणावंसं वाटतंच, आणि म्हणावंही. पण ते स्वागताच्या भागात घ्यावं. आशीर्वादात घेतलं की पुढचे शब्द घशात अडकतात आणि पाळणा थांबून राहतो. कागद नातवंडांपैकी एखाद्या मोठ्याच्या हाती दिला तर अडल्यावर तो पुढची ओळ वाचू शकतो.

आता बारशी परदेशांतही होतात आणि सगळ्याच आजोबांना विमानाचा प्रवास झेपत नाही. न्यू जर्सीत शनिवारी सकाळी अकराला पाळणा हलतो तेव्हा कराडमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात. फोनच्या पडद्यावरून बोलताना आवाज क्षणभर उशिरा पोचतो, हशाही उशिरा परततो, आणि हशासाठी थांबलेल्या आजोबांना वाटतं की विनोद फसला. ते मग तोच पुन्हा सांगतात. अशा वेळी विनोद गाळून दोन ओळींचं स्वागत आणि चार ओळींचा आशीर्वाद पुरतो. फोन पाळण्याच्या उंचीवर, बाळाच्या बाजूला धरावा, म्हणजे आजोबांना हॉलचं छत दिसत बसत नाही. एका भाच्याला फक्त तेवढंच काम द्यावं. आजोबांनी आपल्याकडे पंखा बंद ठेवावा, दूरदर्शन बंद ठेवावं, आणि ‘माझा आवाज येतोय का’ हे विचारायचं काम जोडणी झाल्या झाल्या, ओटी भरायच्या आधीच उरकून घ्यावं.